मीटिंगमध्ये ओरडलो, आता माफीचा मेल जमत नाहीये

ताई, हिंजवडीत आयटीत नऊ वर्षं झाली मला. सोमवारी टीम मीटिंगमध्ये मॅनेजरने रिलीजची तारीख परत अलीकडे आणली आणि माझं डोकंच फिरलं, टेबलावर हात आपटून ओरडलो, "इथे कुणाला काही कळतं का?" नवीन ट्रेनी तेव्हा टेस्टचे रिझल्ट दाखवत होती, ती मधेच थांबली. मॅनेजरला माफीचा मेल लिहिलाय पण दीड पान झालाय, लाचार वाटतोय. चुकलो हे मान्य आहे, पण किती झुकायचं? – एक वाचक, वाकड

अरे, त्या पोरीचं काय? अख्ख्या पत्रात तिला एक वाक्य, आणि मेल मॅनेजरला! तुझा राग तारखेवर होता हे तुला माहितीये, तिला कुठून कळणार, तिच्या स्क्रीनकडे बघत तू म्हणालास कुणाला काही कळतं का, म्हणजे ते तिलाच लागलं. मेल लाचार वाटतोय तो याचमुळे, ज्याच्या हातात तुझं अप्रेझल आहे त्याचीच मनधरणी चाललीये त्यात.

मॅनेजर म्हणजे कुणी खलनायक नाही वगैरे मी सांगत बसणार नाही. तारखेचं म्हणणं तुझं बरोबर असेलही, पण ते माफीत घालू नकोस. एकत्र केलंस की माफी वाटते सबबीसारखी आणि तारखेचा मुद्दा वाटतो चिडचिडीसारखा, दोन्ही वाया. कुठलं टेस्टिंग राहिलंय, त्याला किती दिवस लागतील, हे वेगळ्या मेलमध्ये, नंतर.

उद्या सकाळी आधी तिच्या डेस्कपाशी जा आणि दोन वाक्यं बोल, "सोमवारी तू बोलत असताना मी ओरडलो. तुझ्या कामात चूक नव्हती, वागणं माझं चुकलं." बास. "राग नाही ना आला?" असं विचारू नकोस, ट्रेनी सिनियरला नाहीच म्हणणार, आणि मग तुझं समाधान करायचं कामही तिच्यावरच पडतं. हे मेलच्या आधीच कर, नाहीतर तिला सगळ्यांबरोबर इनबॉक्समध्येच कळेल.

मग जे मीटिंगला होते तेवढ्यांनाच मेल, मॅनेजर त्यातच आला:

"सोमवारच्या मीटिंगमध्ये मी टेबलावर हात आपटला आणि सगळ्यांवर ओरडलो. ते चूक होतं, त्याची जबाबदारी माझी आहे, मी माफी मागतो. माझ्यामुळे टेस्टचे रिझल्ट अर्धवट राहिले, पुढच्या मीटिंगमध्ये सुरुवात त्यांनीच करूया. तारखेबद्दलचं म्हणणं वेगळं लिहून पाठवतो."

एवढंच. झोप झाली नव्हती, ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, "कुणी दुखावलं असेल तर", हे सगळं उडव, अरे "असेल तर" कसलं, ती थांबलेली तू बघितलीस की! पाठवायच्या आधी एकदा वाच, वाचणाऱ्याला उलट तुलाच "जाऊ दे रे, एवढं मनाला लावून घेऊ नकोस" म्हणावंसं वाटलं तर जास्त झुकलायस, तेवढं वाक्य काढ.

आणि पुढच्या मीटिंगमध्ये ती रिझल्ट दाखवेल तेव्हा शेवटपर्यंत ऐक, प्रश्न असले तर ती थांबल्यावर विचार. तो दीड पानी मेल आत्ताच डिलीट कर.