पाच हजार पक्ष्यांचे शेड आणि मे महिन्याची बॅच

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यातला, वय ३६. चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे, पगार १७ हजार. गावी पाच हजार बॉयलर पक्ष्यांचे शेड बांधायचे आहे, कंपनीशी करार करून. शेड, भांडी, पाणी, वीज मिळून खर्च १८ लाख. कंपनीचा माणूस म्हणतो, बॅचला ८४ हजार मिळतात, २५ हजार खर्च जातो, साठ हजार सुटतात. वर्षाला सहा बॅच, म्हणजे पाच वर्षांत शेड फुकट आणि पुढे पंधरा वर्षे निव्वळ नफा. पिल्लू मेले तर नुकसान कंपनीचे. मी नोकरी सोडून बायकोबरोबर पूर्णवेळ हेच बघणार. वडिलांची निवृत्तीची ११ लाखांची एफडी आहे. ती मोडून उरलेले सात लाख बँकेचे घ्यावेत, की एफडीतले सहाच लाख मोडून बारा लाख कर्ज घ्यावे? कर्जाबरोबर बँकेतून वर्षाला ६० हजारांची बारा वर्षांची पॉलिसी दिली आहे, पहिला हप्ता भरला. शेड जुने झाल्यावर नवे त्यातून होईल असे सांगितले.

उत्तर : एफडी मोडू नका आणि कर्जही घेऊ नका. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न शेड परवडत असेल तरच येतो, आणि तुमच्या आकड्यांवर ते परवडत नाही. पॉलिसीचे शेवटी सांगतो, पण ते काम तुम्हाला सगळ्यात आधी करायचे आहे.

सुरुवात ‘पिल्लू मेले तर नुकसान कंपनीचे’ या वाक्यापासून करू, कारण या धंद्यातला निम्मा गैरसमज इथूनच सुरू होतो. करारात पक्षी, खाद्य, औषध कंपनीचे असते हे खरे. पण तुम्हाला मिळणारा ग्रोइंग चार्ज हा विकलेल्या वजनावर, किलोमागे मिळतो, आणि त्याचा दर बॅचच्या उत्पादन खर्चावरून ठरतो. कंपनी बॅचभर दिलेली पिल्ले, खाद्य, औषध यांची किंमत एकत्र करते आणि तिला उचललेल्या किलोंनी भागते. हा खर्च ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की तुमचा दर उतरतो. मेलेल्या पक्ष्याने खाल्लेले खाद्य वरच्या बाजूला राहते, त्याचे वजन मात्र खालच्या बाजूला येत नाही.

म्हणून किती मेले यापेक्षा कधी मेले हे महत्त्वाचे. पहिल्या आठवड्यात अडीचशे पिल्ले गेली तर पिल्लांची किंमत आणि थोडेसे खाद्य गेले. तेच पक्षी अडतिसाव्या दिवशी, दोन किलोच्या आसपास असताना गेले, तर प्रत्येकाच्या पोटात तीन किलो खाद्य गेलेले असते. सुपरवायझरच्या वहीत दोन्हीकडे ‘मरतूक ५ टक्के’ असेच लिहिले जाते.

आता सोलापूरचा उन्हाळा घ्या. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकूनच अंग थंड करते, आणि तिच्या शरीराचे तापमानच ४१ अंशांच्या आसपास असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो. मार्चअखेर टाकलेली बॅच नेमकी मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सर्वांत जड असते. कोरड्या उन्हात पाण्याचे बारीक तुषार उडवणारा फॉगर, छतावर उसाचे पाचट, दुपारी अकरा ते चार खाद्य बंद, पाण्यात गूळ आणि इलेक्ट्रोलाइट, एवढ्याने बरेच निभावते. खरा घात होतो तो वळवाचे ढग भरून आल्यावर. हवा दमट होते, वारा पडतो, त्यात वीज गेलेली. दमट हवेत धापा टाकून उष्णता बाहेर पडत नाही, आणि फॉगर लावला तर दमटपणा आणखी वाढतो. अशा एका संध्याकाळी चार-पाचशे पक्षी जातात. हे ओळखायचे असेल तर दुपारी शेडमध्ये उभे राहा. पंख अंगापासून सोडून, चोच उघडी ठेवून पक्षी बसले असतील आणि पाण्याकडेही जात नसतील, तर तुमच्या हातात फार वेळ उरलेला नाही.

त्या बॅचचा हिशेब मांडू. चांगल्या बॅचला ४,७५० पक्षी, सव्वादोन किलोला थोडे कमी वजन, म्हणजे साडेदहा हजार किलो. आठ रुपयांनी ८४ हजार. कंपनीच्या माणसाचा आकडा इथपर्यंत बरोबर आहे. मेच्या बॅचला १५ टक्के मरतूक धरा. उरले ४,२५०, आणि उन्हात खाणे कमी झाल्याने वजन भरते १.९ किलो. म्हणजे आठ हजार किलो. नेहमीपेक्षा जे पाचशे जास्त मेले, त्यांनी खाल्लेले दीड हजार किलो खाद्य चाळीस रुपयांनी ६० हजारांचे. ते आठ हजार किलोंवर पसरले की किलोमागे साडेसात रुपयांनी खर्च चढला. दर आठवरून पाचावर येतो, आणि करारात किमान दर नसेल तर त्याच्याही खाली. चाळीस हजार आले, पंचवीस खर्च झाले. पंधरा हजार उरले. मेलेले पक्षी पुरण्याचा खड्डा तुम्हीच खणायचा, ते वेगळे.

सहा बॅचही विसरा. ४२ ते ४५ दिवस पक्षी, दोन-तीन दिवस कंपनीचे लिफ्टिंग म्हणजे पक्षी उचलणे, मग पक्ष्यांखाली पसरलेले तूस बाहेर काढणे, धुणे, चुना, मोकळे ठेवणे आणि पुढची पिल्ले येईपर्यंत थांबणे. पिल्ले तुमच्या सोयीने येत नाहीत, बाजार पडला की कंपनी हात आखडते. दोन बॅचमध्ये ६५ ते ७० दिवसांचे अंतर धरा. कागदावर सव्वापाच ते साडेपाच होतात, प्रत्यक्षात पाच.

चार चांगल्या बॅचचे २ लाख ४० हजार, मेचे १५ हजार. २ लाख ५५ हजार. (तुसाचा खर्च कोंबडखतातून निघतो असे मी धरले आहे. डाळिंब आणि ऊसवाले खत उचलतात, त्यामुळे ते धरायला हरकत नाही.) यातून वाईट वर्षांचे वजा करा. २०२० च्या सुरुवातीला कोरोनाच्या अफवेने चिकन कोणी घेईना, २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू निघाला. दर चौथ्या वर्षी दोन बॅच बुडतील असे धरले तर वर्षाला सरासरी तीस हजार गेले. पत्रा, जाळी, पडदे, मोटर यांची डागडुजी पंचवीस हजार. हाती दोन लाख राहिले. साडेतीन लाख नव्हे.

आता शेडच्या पूर्ण आयुष्यावर बघू. वीस वर्षे मी धरणार नाही. तुसातून अमोनिया सुटतो, तो लोखंड खातो, म्हणून पंधरा वर्षे. एनपीव्ही काढताना पुढच्या वर्षांचा पैसा आजच्या किमतीत आणायचा आणि त्यातून आजचे १८ लाख वजा करायचे. व्याजदर मी १२ टक्के लावतो, कारण बँकेचे कर्ज तुम्हाला अकराच्या आसपास पडेल आणि कोंबड्यांची जोखीम एफडीपेक्षा किती तरी मोठी आहे. या दराने पंधरा वर्षे दरसाल मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत ६ रुपये ८० पैसे. दोन लाखांचे झाले १३ लाख ६० हजार. सातव्या वर्षी भांडी-पडदे बदलणे आणि शेवटी येणारे भंगाराचे पैसे, दोन्ही मिळून आजच्या भावात चाळीस हजारांचा फटका. अठरा लाख घालून परत येतात सव्वातेरा. एनपीव्ही उणे पावणेपाच लाख.

‘पुढे पंधरा वर्षे निव्वळ नफा’ यातल्या शेवटच्या पाच वर्षांचेही सांगतो. ती धरली तर रुपयाचे ६.८ ऐवजी साडेसात होतात. म्हणजे कंपनीचेच साडेतीन लाख खरे मानले तरी शेवटच्या पाच वर्षांचे मोल आज अडीच लाखांच्या आत आहे. ऐकताना ते साडेसतरा लाख वाटतात.

आणि या सगळ्यात तुमचा पगार मी अजून धरलेलाच नाही. पत्रातली सगळ्यात महाग ओळ ‘नोकरी सोडून’ ही आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. महिना १७ हजार म्हणजे वर्षाला दोन लाख चार हजार. शेड देणार दोन लाख. नोकरी जाण्याचा खर्च धरला की तुमच्या शेडचे वार्षिक उत्पन्न शून्य आहे, आणि एनपीव्ही जवळजवळ पूर्ण अठरा लाखांनी उणे. वहिनींची मेहनत तर यात कुठेच मोजलेली नाही. ब्रूडिंगच्या म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या पहिल्या दहा दिवसांत रात्री दोनदा उठावे लागते, हे त्यांना कोणी सांगितले आहे का?

शेजारच्या गावात कोणी कमावत असेल, तर त्याचे शेड कधी आणि कितीला बांधले ते विचारा. सात-आठ लाखांत बांधलेले जुने शेड आणि घरात दुसरी मिळकत सोडावी न लागणारी माणसे असतील, तर हाच धंदा पुरतो. दहा हजार पक्ष्यांचे करा, खर्च विभागला जाईल, असे सांगणारेही भेटतील. खड्डाच दुप्पट होईल, कारण शेडचा खर्च पक्ष्यांबरोबर वाढतो. मेच्या बॅचला पाचऐवजी चार हजारच पक्षी टाकून, नीट तयारी करून त्या बॅचचे वीस हजार वाचवलेत, तरी एनपीव्ही सव्वा लाखाने सुधारतो. पावणेपाच लाख त्याने भरत नाहीत.

तुमच्या मूळ प्रश्नातले बारा लाखांचे कर्ज अकरा टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिन्याला साडेवीस हजार, वर्षाला जवळजवळ अडीच लाख. शेडमधून दोनच येतात. उरलेला हप्ता कोण भरणार, नोकरी सोडलेले तुम्ही? पहिल्या पर्यायात वडिलांची सगळी एफडी लोखंडी पाइपांत जाते. उद्या त्यांच्या दवाखान्याला पाइप विकता येणार नाहीत.

तरीही ओढ असेल तर गावाजवळ बंद पडलेले शेड भाड्याने घ्या, नोकरी न सोडता, विश्वासाचा जोडीदार ठेवून. एक वर्ष चालवा, आणि त्यात मेची बॅच आलीच पाहिजे. शिवाय त्याच कंपनीच्या दोन शेतकऱ्यांकडून मे महिन्याच्या बॅचची हिशेबपत्रके मागा. हिवाळ्यातली ते आपणहून दाखवतील. करार मराठीत वाचून घ्या आणि किमान दर किती, जास्त मरतुकीची कपात कशी, बॅचमधले अंतर लांबले तर काही मिळते का, हे तीन मुद्दे पेनाने अधोरेखित करा.

आता पॉलिसी. कर्जासाठी पॉलिसी सक्तीची नसते, आणि ती घ्यायला लावणे बँकेला चालत नाही. साठ हजार म्हणजे तुमच्या शेडच्या खऱ्या उत्पन्नाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा, तोही बारा वर्षे. अशा पारंपरिक पॉलिसीत परतावा पाच-साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो, एफडीपेक्षाही कमी. त्यातून नवे शेड उभे राहील हे बोलणे कोणी लेखी दिले आहे का, बघा. दिले नसणार. पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. किरकोळ वजावट होऊन पहिला हप्ता परत मिळतो. अर्ज विमा कंपनीला लेखी द्या, पोच घ्या. बँकेतला साहेब ‘एक वर्ष तरी ठेवा’ म्हणेल, त्याच्याशी वाद घालत बसू नका. घरच्यांसाठी विमा हवाच असेल तर साधा टर्म प्लॅन घ्या, तुमच्या वयाला तो या हप्त्याच्या छोट्याशा भागात मिळेल. दस्तऐवजावरची तारीख आजच बघा.