घटते रिटर्न्स कुठे धरायचे? कुठेच नाही

*प्रश्न: Q = L^0.5 × K^0.25 मध्ये घातांकांची बेरीज 0.75 येते, म्हणजे रिटर्न्स टू स्केल घटते. मजुरी 800 आणि यंत्राचं भाडं 400 रुपये असताना 8 नग कमीत कमी खर्चात काढायचेत. समोत्पादन वक्रावरचा बिंदू शोधताना हे घटते रिटर्न्स कुठे धरायचे?*

कुठेच धरायचे नाहीत. या एका वाक्यावरून माझी एम.ए.ची तोंडी परीक्षा वाया गेली होती, म्हणून इतकं लांबलचक लिहितोय.

आधी गणित उरकू. तुमच्या फलनात 8 नगांचा वक्र म्हणजे L²K = 4096. त्यावरचे तीन बिंदू पाहा. 8 मजूर आणि 64 यंत्रं घेतली तर खर्च 32,000 रुपये. 32 मजूर आणि 4 यंत्रं घेतली तर 27,200. 16 आणि 16 घेतलं तर 19,200, आणि हाच सगळ्यात कमी. कारण वक्राचा उतार इथे 2K/L, म्हणजे 2 आहे, आणि समखर्च रेषेचा उतारही 800/400, म्हणजे 2 आहे. अर्थात इथे रेषा वक्राला नुसती टेकते. उतार काढताना हमखास L/2K असं उलटं लिहिलं जातं. ताळा सोपा आहे: मजुरी वाढवून बघा, तुमच्या उत्तरात मजूर वाढले तर गुणोत्तर उलटलंय.

आता तोंडी परीक्षेचं. बाहेरून आलेले परीक्षक, समोर बशीत ओतून गार होत असलेला चहा. त्यांनी विचारलं, "उत्पादन दुप्पट करायचं झालं तर मजूर आणि यंत्रांचं प्रमाण काय होईल?" मी म्हटलं, "तेच राहील सर." "घटते रिटर्न्स असताना तेच कसं राहील? यंत्रं जास्त लागणार." मी उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर दोन वक्र काढले, आरंभबिंदूतून पट्टी टेकवून एक रेघ ओढली आणि दाखवलं, की ही रेघ दोन्ही वक्रांना जिथे छेदते तिथे दोघांचा उतार सारखाच आहे. त्यांनी पट्टी बाजूला सारली. "आकृत्या राहू द्या, तर्क सांगा." तर्कच तर त्या रेघेत होता!

तेव्हा सुचलं नाही ते आता सांगतो. तुमचे दोन्ही घातांक दुप्पट करा: L^1 × K^0.5. बेरीज 1.5, म्हणजे रिटर्न्स वाढते झाले. पण 16-16 मधून जाणारा वक्र काढून बघा, तो तोच आहे, L²K = 4096. फक्त त्याच्यावरची चिठ्ठी बदलली: आधी 8 होती, आता 64. वक्राचा आकार घातांकांच्या गुणोत्तरावर ठरतो. बेरीज ठरवते ते फक्त वक्रांवरचे आकडे, म्हणजे दुप्पट उत्पादनाचा वक्र किती लांब पडेल ते. तुमच्या फलनात 16 नगांसाठी दोन्ही साधनं 40.3 लागतात आणि खर्च 48,000च्या वर जातो, म्हणजे अडीचपट. घटते रिटर्न्स दिसतात ते इथे, खर्चात. प्रमाण मात्र एकास एकच.

हा सगळा गोंधळ बेरजेच्या भक्तीतून येतो असं माझं ठाम मत आहे. कॉब आणि डग्लस यांनी 1928 साली अमेरिकी कारखान्यांच्या 1899 ते 1922च्या आकडेवारीवर हे फलन बसवलं तेव्हा बेरीज 1 येईल असं आधीच धरून चालले होते. श्रमाला 3/4, भांडवलाला 1/4. त्यावरून पोरं समजतात की सगळं काही बेरजेतच आहे. आणि बेरीज करायची तीही फक्त गुणाकार असेल तेव्हाच. Q = √L + K असेल तर घातांकांची बेरीज 1.5 येते, पण तिला काही अर्थ नाही. तिथे L आणि K दोन्हींच्या जागी tL, tK घालूनच बघावं लागतं. √L ची बाजू दुपटीला कमी पडते, म्हणून रिटर्न्स उलट घटते निघतात.

हो, एक राहिलंच. ही सरळ रेघ अशा घातांकांच्या गुणाकाराला चालते, वर दिलेल्या बेरजेच्या फलनाला नाही. तिथे उत्पादन वाढलं की प्रमाण खरंच बदलतं. शिवाय यंत्रं जागेवर आहेत तितकीच ठेवायची असतील तर ही स्पर्शिकेची अट लागू नाही. परीक्षकांच्या मनात असलं काही असेलही, पण प्रश्न त्यांनी हाच घातला होता.

तुमच्या परीक्षेत कुणी अडवलंच तर अट पुन्हा लिहून दाखवा: 2K/L = 800/400. मग यात Q कुठे आहे तो शोधून द्या म्हणावं. मला 25 पैकी 9 मिळाले होते.