फुटपाथवरची जनगणना

प्रश्न: ज्यांना घरच नाही त्यांना जनगणनेत मोजतात कसं? आणि मुंबईच्या आकड्यावर कुणी विश्वास का ठेवत नाही?

एका रात्रीत मोजतात. २०११ साली घरोघरची गणना ९ ते २८ फेब्रुवारी चालली आणि बेघरांसाठी २८ तारखेची रात्र राखून ठेवली होती, कारण लोकसंख्या १ मार्चच्या पहिल्या क्षणाची धरायची होती. प्रगणकाने आधीच आपल्या गटातल्या जागा हेरून ठेवायच्या: फुटपाथ, उड्डाणपुलाखालची जागा, जिन्याखालचा कोपरा, मोठे पाइप, देवळाचं आवार, रेल्वे फलाट. मग रात्री तिथे जाऊन माहिती भरून घ्यायची. यातून देशात सुमारे १७.७ लाख आणि बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर निघाले.

पण माझ्या मते खरा घोळ त्या रात्रीच्या बराच आधी, २०१० मध्ये झालेल्या घरयादीच्या वेळीच सुरू होतो. समजा, भायखळ्याच्या एखाद्या भिंतीला ताडपत्री बांधून दहा कुटुंबं कित्येक वर्षं राहताहेत. चूल आहे, पेटी आहे, आडोशाला पत्राही आहे. प्रगणकाने या आडोशांना घर मानून नंबर दिले, तर ही कुटुंबं 'घर असलेली' ठरतात आणि बेघरांत एकही धरलं जात नाही. नंबर दिले नाहीत, तर दहाही कुटुंबं फेब्रुवारीच्या त्या रात्री बेघर म्हणून मोजायची. आणि नंबर मिळाल्यावर मधल्या काळात तोडकाम होऊन ती पुढच्या गल्लीत गेली, तर यादीतल्या जागी कुणी नाही आणि नव्या जागी कुणी शोधत नाही. म्हणजे माणसं तीच, पण नोंद तीन तऱ्हेची. दोन वॉर्डांचे आकडे शेजारी ठेवताना हा फरक आधी तपासावा.

त्या रात्रीच्या अडचणी वेगळ्या. बाजारातले हमाल आणि गोदीवरचे मजूर रात्री कामावर असतात. एकट्या बायका दिसणार नाहीत अशा ठिकाणी झोपतात. वहीपेन घेतलेला माणूस दिसला की महापालिकेचा समजून लोक उठून जातात. गटाची हद्द रस्त्याच्या मधून जात असेल, तर पुलाखालच्या माणसांना दोन्ही प्रगणक समोरच्याच्या हद्दीतले समजून सोडून देऊ शकतात. गावाकडे घरच्यांनी नाव लिहून दिलेलं असलं की माणूस इथे "मोजलंय" म्हणतो. अशाने देशाची बेरीज बिघडत नाही, मुंबईची मात्र कमी होते. निवारा केंद्रात झोपलेले तर संस्थेतले रहिवासी म्हणून वेगळ्या रकान्यात जातात.

म्हणूनच असेल, शहरी निवाऱ्यांचा सरकारी निकष बेघरांच्या आकड्यावर ठरवलेला नाही. तो एकूण लोकसंख्येवर आहे: दर लाखामागे किमान १०० जणांची सोय. मुंबईची २०११ ची लोकसंख्या सुमारे १२४ लाख, म्हणजे साधारण १२,४०० जागा. शंकास्पद मानलेल्या ५७ हजारांनाही त्या पुरणाऱ्या नाहीत.