आभाराआधी हिशोब

"मॅडम, एकवीस वर्षं चालवलेलं वर्कशॉप मार्चअखेर बंद करतोय. चौदा माणसं आहेत. शेवटच्या दिवशी त्यांच्यापुढं उभं राहून आभार कसे मानायचे? तोंडच उघडत नाही."

शिवाजी उद्यमनगरातले हे गृहस्थ दोन पानी भाषण लिहूनच आले होते. मी ते वाचून दाखवायला सांगितलं. पहिल्या पानावर 'मी कमी पडलो', 'मला माफ करा' हेच फिरून फिरून येत होतं. मी विचारलं, "हे ऐकून ते काय म्हणतील?" म्हणाले, "असू दे मालक, म्हणतील." म्हणजे ज्यांची नोकरी चालली, त्यांनीच मालकाची समजूत घालायची! माफी एकदाच, एका वाक्यात मागायची असं ठरलं.

दुसरी अडचण भाषणाबाहेरची होती. माणूस समोर बसून मनात आकडे मांडत असेल तर आभार त्याच्या कानावरून जातात. म्हणून भाषणाच्या चार दिवस आधी एकेकाला केबिनमध्ये बोलावून हिशोबाचा कागद हातात द्यायचा, असं आम्ही ठरवलं. ग्रॅच्युइटीचा आकडा कसा आला, तेही कागदावरच. एका टर्नरचा शेवटचा मूळ पगार महागाई भत्त्यासह 18,200. त्याला 26 ने भागून 15 ने गुणलं की वर्षाचे 10,500. बारा वर्षांचे 1,26,000. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकायचंही त्यांच्या यादीत नव्हतं. ती नसली की पैसे काढायचा अर्ज अडतो, आणि मग माणूस बंद शटरपुढं हेलपाटे घालतो.

मग प्रत्येकासाठी एक वाक्य लिहायला घेतलं. 'कष्टाळू', 'प्रामाणिक' हे शब्द मी बाद केले. ते कुणालाही चिकटतात. अकरा वाक्यं भराभर झाली. "पुरात पंचगंगेचं पाणी चढलं, तेव्हा तुम्ही रात्री येऊन मशीनच्या मोटारी वर उचलून ठेवल्या," असली. तिघांपाशी पेन थांबलं. त्यातला एक हेल्पर. "त्याला नुसता ओरडलोय हो मी," म्हणाले. मी सुचवलं, फोरमनला विचारा. फोरमन म्हणाला, दर शनिवारी सगळ्यांच्या मशीनखाली साचलेला धातूचा बर तोच काढतो, कुणी न सांगता. मालकांना हे सहा वर्षं माहीत नव्हतं. "मला हे परवा कळलं," असंच त्याला सांगायचं, असं मी म्हटलं. माहीत होतं असं भासवलं असतं तर तिथंच पकडले गेले असते.

भाषण सात-आठ मिनिटांचं झालं. हेल्परनं मान खाली घातली आणि कानाची पाळी चोळत राहिला.

टर्नर मात्र चहाला थांबला नाही. स्वतःचा व्हर्नियर फडक्यात गुंडाळला, डब्याच्या पिशवीत टाकला आणि निघाला. मालक मला विचारत होते, त्याला फोन करू का? मी म्हटलं, चेक वटला की नाही एवढंच विचारायला करा.