नवीन सभासदाने सोसायटीच्या वार्षिक सभेत नेमकं काय बघावं?

प्रश्न : जळगावात 24 फ्लॅटच्या सोसायटीत नुकताच फ्लॅट घेतला. पहिल्या वार्षिक सभेची नोटीस आली आहे. कमिटी, सभा, ऑडिट यात मी काय बघायचं?

ताळेबंद बघा. बाकी सगळं नंतर. "ऑडिट झालंय ना भाऊ, मग काय बघायचं?" हे वाक्य खान्देशातल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी खजिनदार म्हणतोच, आणि तिथंच सभासद फसतात. ऑडिटर बिलं, पावत्या, ठराव तपासतो, नियम मोडला असेल तर लिहितो. पण तो लिहितो ते कोणी वाचलंच नाही तर काय उपयोग?

समजा, तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च जमीन सोडून 12 लाख. सहकार खात्याच्या नमुना नियमांप्रमाणे, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे, सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचा पैसा, वर्षाला किमान 0.25 टक्के, म्हणजे 3,000 रुपये, महिन्याला 250. 24 फ्लॅटचे वर्षाला 72,000 आणि पाच वर्षांत 3,60,000. ताळेबंदात देण्यांच्या बाजूला हा आकडा दिसेल आणि सगळ्यांना वाटेल, चला, पैसे आहेत.

आता येण्यांच्या बाजूला बोट ठेवा. मुदत ठेव 1,10,000, बचत खातं 35,000 आणि "सभासदांकडून येणे" 2,15,000. बेरीज बरोबर 3,60,000. म्हणजे फंडातले 2,15,000 बँकेत नाहीतच, ते थकबाकीदारांच्या खिशात आहेत. चार-पाच जण मेंटेनन्स भरत नाहीत, लिफ्टचं बिल आणि मे महिन्यातले टँकर मात्र थांबत नाहीत, म्हणून बाकीच्यांनी भरलेल्या फंडातून रोजचा खर्च भागवला. बिल काढलं की ते उत्पन्नात धरलं जातं, वसूल होवो न होवो. म्हणून उत्पन्न-खर्च पत्रकात शिल्लक दिसते आणि गच्ची गळायला लागली की पैसे नसतात.

सभेत प्रश्न एकच विचारा : सिंकिंग फंड जितका दाखवलाय तितक्या ठेवींच्या पावत्या कुठे आहेत? पुढचा ठराव थकबाकीचा. उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त 21 टक्के सरळ व्याज लावता येतं, आणि सहकार कायद्याच्या कलम 154ब-29 खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो. "आपलेच लोक आहेत, कशाला वाईटपणा" म्हणणाऱ्याला विचारा, त्यांचा टँकर कोण भरतंय?

तारखांचं सांगतो. आर्थिक वर्ष संपल्यावर चार महिन्यांत, म्हणजे 31 जुलैपर्यंत ऑडिट, आणि 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा. नोटीस 14 पूर्ण दिवसांची; सभा 28 तारखेला असेल तर नोटीस 13 पर्यंत हातात हवी. ऑडिटर सरकारमान्य नामतालिकेतला, सभेनेच नेमलेला, आणि तोच सलग तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. मागच्या ऑडिटमधल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल, म्हणजे नमुना 'ओ', मागून घ्या. तो नसेल किंवा नुसतं "नोंद घेतली" असं लिहिलेलं असेल, तर कमिटीने काहीच केलेलं नाही.

कोरम दोन-तृतीयांश किंवा 20, यातलं जे कमी ते, तुमच्याकडे 16. अर्ध्या तासात तितके जमले नाहीत तर सभा तहकूब होते, नोटिशीत तसं लिहिलं असेल तर त्याच दिवशी पुन्हा भरते, आणि त्या सभेला कोरम लागत नाही. म्हणजे सहा जण हिशोब मंजूर करू शकतात आणि ते कायदेशीर असतं. गच्चीवर शेवभाजीचा बेत असेल तर हिशोबाचा विषय जेवणाआधी घ्यायला लावा. एकदा पानं मांडली की वीस मिनिटांत सगळं "एकमताने मंजूर" होतं.

कमिटीबद्दल थोडक्यात : 25 पर्यंत सभासद असतील तर दुरुस्तीवर कमिटी एका वेळी 25,000 रुपयांपर्यंतच आपल्या अधिकारात खर्च करू शकते. त्यापुढे सभेची मंजुरी. सिंकिंग फंडाला हात लावायचा तर सभेचा ठराव आणि मोठ्या दुरुस्तीसाठी वास्तुविशारदाचा दाखला हवा. "घाई होती" हे उत्तर ठरावाच्या जागी चालत नाही.

हे आकडे 2014 च्या आदर्श उपविधींमधले आहेत. तुमच्या सोसायटीने जुनेच ठेवले असतील तर मर्यादा वेगळ्या निघतील, म्हणून आधी नोंदणीकृत उपविधींची प्रत घ्या. खरेदीखत झालं म्हणून मत मिळत नाही. सभासद नोंदवहीत नाव चढलंय का तेही बघा. आणि हो, नोंदणी प्रमाणपत्रच नसेल, बिल्डरने फक्त घोषणापत्र केलेलं असेल, तर ते 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट आहे, सहकारी सोसायटी नव्हे. जळगाव-धुळ्यात अशा इमारती बऱ्याच आहेत. तिथं वर लिहिलेल्यातलं बरंचसं लागूच होत नाही. मतदानसुद्धा माणशी एक नसून अविभक्त हिश्शाच्या टक्क्यांवर असतं.