हत्तीचा खर्ज हवेतून जातो आणि जमिनीतूनही

प्रश्न: हत्ती म्हणे पायांनी ऐकतात आणि कित्येक किलोमीटर लांबच्या हत्तींशी बोलतात. यात खरं किती आणि हे ओळखलं कसं?

खरं बरंच आहे. पण "पायांनी ऐकतात" हे सिद्ध करणं किती अवघड होतं ते कळलं की त्यातली गंमत वाढते, म्हणून तिथूनच सांगतो.

माझं काम जमिनीचे हादरे मोजायचं. मुंबईत एखाद्या जुन्या चाळीशेजारी टॉवरचा पाया घालायला पायलिंग सुरू झालं की आम्ही चाळीच्या जोत्याजवळ जिओफोन लावून बसतो. जिओफोन म्हणजे मुठीएवढी डबी. आत स्प्रिंगला टांगलेली तारेची गुंडाळी आणि चुंबक. जमीन हलली की गुंडाळीत वीज तयार होते आणि पडद्यावर रेघ थरथरते.

लोअर परळला असंच काम चालू असताना गणपतीची एक मिरवणूक गल्लीतून गेली. पायलिंगचं यंत्र तेव्हा बंद होतं, तरी ढोलाच्या प्रत्येक दणक्याला माझी रेघ उडत होती. आवाज हवेतून येत होता, तोच जमिनीला दाबत होता आणि जिओफोन ते इमानदारीत नोंदवत होता. म्हणजे जमीन हलली याचा अर्थ हादरा जमिनीतून आला असा होत नाही. हत्तींच्या बाबतीत नेमकी हीच अडचण होती.

हत्ती लांबवर बोलतात ते खोल घरघरीतून, आणि ती १५ ते ३५ हर्ट्झच्या आसपास असते. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झच्या खाली काम करत नाही, त्यामुळे तिचा बराचसा भाग आपल्याला ऐकूच येत नाही. १९८४ साली प्राण्यांचे आवाज अभ्यासणाऱ्या केटी पेन अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींजवळ उभ्या होत्या. त्यांना आवाज आला नाही, पण हवेत एक धडधड जाणवली. ध्वनिमुद्रण करून पाहिल्यावर हत्ती बोलत होते हे उघड झालं. हा खर्ज कंठातल्या स्वरतंतूंमधूनच निघतो. हत्तीचे स्वरतंतू सुमारे १० सेंटिमीटर लांब असतात, म्हणून आवाज एवढा खाली उतरतो.

२० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट हवेत १७ मीटर लांब असते. झाडंझुडपं तिला अडवू शकत नाहीत, आणि हवाही तिला फारशी शोषून घेत नाही. नामिबियातल्या एटोशा राष्ट्रीय उद्यानात स्पीकरवरून अशी हाक ऐकवली, तेव्हा २ किलोमीटरवरच्या हत्तींनी प्रतिसाद दिला. स्पीकरचा जोर खऱ्या हत्तीच्या निम्माच होता, त्यावरून खरी हाक ४ किलोमीटरपर्यंत पोचत असावी असा हिशेब झाला. संध्याकाळी जमिनीलगतची हवा थंड होते आणि वर उबदार थर राहतो. मग आवाज वर निसटायच्या ऐवजी खाली वळतो आणि पल्ला आणखी वाढतो.

इथवर सगळं हवेतलं. जमिनीचा संशय आला तो हत्तींचा अभ्यास करणाऱ्या केटलिन ओकॉनेल यांना, १९९० च्या दशकात, त्याच एटोशात. पाणवठ्यावरचा कळप अचानक थिजल्यासारखा उभा राही. अंगाचा भार पुढच्या पायांवर जाई, किंवा एखादा हत्ती पुढचा पाय किंचित उचलून धरी. कधी सोंड जमिनीला टेकवलेली असे. ओकॉनेल यांनी आधी तुडतुड्यांवर संशोधन केलं होतं, तेच आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे तुडतुडे. ते झाडाच्या देठातून थरथर पाठवून एकमेकांना खुणावतात. हत्तींची ती थिजलेली उभी राहण्याची तऱ्हा त्यांना ओळखीची वाटली.

आता माझ्या मिरवणुकीचा प्रश्न आलाच: हत्ती थबकले ते हवेतल्या आवाजाने की जमिनीतल्या हादऱ्याने? उत्तर काढायचं तर हादरा फक्त जमिनीतून पाठवायला हवा. ओकॉनेल यांनी पाणवठ्याजवळ कंपनयंत्रं जमिनीत पुरली आणि हवेत आवाज नगण्य राहील अशा बेताने ध्वनिमुद्रित हाका जमिनीत सोडल्या. हाका धोक्याच्या होत्या, पण दोन ठिकाणच्या: एक एटोशातल्याच हत्तींची, दुसरी दूर केनियातल्या हत्तींची. तिसरा एक यंत्राने बनवलेला खर्ज होता, ज्याला काही अर्थच नव्हता.

एटोशातली हाक जमिनीतून गेली तेव्हा कळप एकमेकांना चिकटून गोळा झाला आणि पाणवठा लवकर सोडून गेला. केनियातल्या हाकेला किंवा यंत्राच्या खर्जाला तसा प्रतिसाद मिळाला नाही. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. मला यातली केनियाची हाक सगळ्यात महत्त्वाची वाटते. नुसत्या हादऱ्याने घाबरले असते, तर दोन्ही वेळी सारखेच पळाले असते. जमिनीतून आलेल्या थरथरीत आपल्या माणसांची हाक त्यांनी ओळखली.

पायातून ही थरथर आत जाते कशी, यासाठी दोन वाटा सांगितल्या जातात. एक हाडांची: पुढच्या पायातून खांद्याकडे, तिथून कवटीकडे आणि मधल्या कानाकडे. हत्तीच्या कानातली हाडं चांगलीच मोठी असतात, त्यामुळे ही वाट शक्य वाटते. दुसरी त्वचेची: तळव्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेला कंपन ओळखणारे सूक्ष्म संवेदक दाटीने आहेत. तसेच संवेदक आपल्याही तळव्यात असतात. त्या लोअर परळच्या चाळीत तळमजल्यावर एक आजोबा होते, ऐकू जवळजवळ येत नसे. ते लादीवर अनवाणी पाय टेकून बसत आणि यंत्र सुरू झालं की मला म्हणत, "बघा, लागलं तुमचं." मी पडद्याकडे पाहिलं की रेघ नुकतीच हलायला लागलेली असे.

जमिनीचा एक फायदा भूमितीचा आहे. हवेतला आवाज चहूकडे फुग्यासारखा पसरतो आणि पातळ होत जातो. जमिनीच्या पृष्ठभागावरची लाट तळ्यातल्या तरंगासारखी फक्त आडवी पसरते, म्हणून तिची ताकद सावकाश घटते.

वेगही वेगळा असतो. मऊ जमिनीत ही लाट सेकंदाला साधारण २५० मीटर जाते, हवेत आवाज ३४० मीटर. हत्तीण २ किलोमीटरवर असेल तर तिची हाक हवेतून ६ सेकंदांनी पोचेल आणि जमिनीतून ८ सेकंदांनी. १ किलोमीटरवर असेल तर हा फरक साधारण सेकंदभराचा. या फरकावरून हाक किती लांबून आली ते हत्ती ओळखत असतील ही कल्पना मांडलेली आहे, मात्र सिद्ध झालेली नाही. हाक स्वतःच काही सेकंद चालते आणि दोन्ही एकमेकांवर चढतात, म्हणून मी तरी ती सावधपणेच घेतो.

जमिनीतल्या हाकेच्या पल्ल्याचे १६ किंवा ३२ किलोमीटर असे आकडे कुठे वाचलेत, तर तेही सावधपणेच घ्या. ते सगळं अनुकूल धरून केलेल्या गणितातले आहेत. पुढे केनियात जिओफोन लावून मोजलं आणि त्यावरून पल्ला काढला, तेव्हा रेताड, शांत जमिनीत घरघरीचा पल्ला ६ किलोमीटरच्या आसपास निघाला. आजूबाजूला गोंगाट असेल तर तो झपाट्याने घटतो. हे मला रोज दिसतं. लोकल गेली की रुळाजवळच्या माझ्या जिओफोनवर दुसरं काहीच ओळखू येत नाही, आणि ती पुढे निघून जाईपर्यंत थांबून राहावं लागतं. जंगलातून रस्ता किंवा रेल्वे जाते तिथल्या हत्तींना किती वेळ असं थांबावं लागत असेल, हे अशा वेळी हमखास मनात येतं.