होस्टेलच्या वायफायवर पीएस5 चालत नाही, लॉगिन पेजच येत नाही

"जळगावला होस्टेलला आहे, मोबाईलवर नाव-पासवर्ड टाकला की नेट चालतं, पण पीएस5 वायफायला जोडूनही नेट नाही. काय करू?"

भाऊ, आधी कन्सोलवर नेटची टेस्ट मार. आयपी मिळाला पण इंटरनेट फेल असं दिसलं तर वायफाय ठीक आहे, अडवतंय ते लॉगिन पेज. ते पेज प्रत्येक मशीनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा नेटवर्कवरचा ओळख नंबर, बघून सोडतं म्हणून मोबाईलचं लॉगिन कन्सोलला चालत नाही, आणि पीएस5 वर ब्राउझर नीट उघडतच नाही.

मी धुळ्याला होतो तेव्हा वायफाय आणि पीएस5 च्या मधे लॅपटॉप ठेवला होता. विंडोज लॅपटॉपवर लॉगिन कर, मग Settings मध्ये Network & internet, तिथे Mobile hotspot चालू कर आणि पीएस5 त्या हॉटस्पॉटला जोड, लॉगिन पेजला फक्त लॅपटॉपच दिसतो. तिथलंच Power saving बंद कर, नाहीतर कन्सोल बंद असला की हॉटस्पॉट आपोआप बंद पडतो. लॅपटॉप पण झोपू देऊ नको, झाकण लावलं की गेम गेला भो!

रूममध्ये लॅनचं पॉइंट असेल तर लॅपटॉपला नेट वायरने घे, कारण एकच वायफाय कार्ड घेणार पण तेच आणि वाटणार पण तेच म्हटल्यावर स्पीड पडतो. डाउनलोड आणि बरेचसे गेम चालतील, पण नेटच्या टेस्टमध्ये NAT Type 3 आला, म्हणजे बाहेरच्यांना तुझ्या कन्सोलशी थेट जोडता येत नसेल, तर मित्रांशी व्हॉइस चॅट अडकतं, ते तुझ्याकडून सुटत नाही.

लॅपटॉप नसेल तर नेटवर्क बघणाऱ्या सरांना कन्सोलचा मॅक ॲड्रेस दे, त्यांनी तो लॉगिन पेजमधून वगळला की संपलं.